पत्रलेखन : वॉरंटीत बिघडलेला गेम कन्सोल बदलून मिळावा म्हणून दुकानदाराला पत्र



पत्रलेखन शिकवताना आपण मुलांना नेहमी तेच ते विषय देतो. वृक्षारोपणासाठी रोपांची मागणी, ग्रंथालयासाठी पुस्तकांची मागणी, गावातल्या अस्वच्छतेबद्दल तक्रार. मुलं मायना आणि शेवट पाठ करतात, मधे चार वाक्यं भरतात आणि गुण घेतात. पण ते पत्र कुणाला द्यायचंच नसतं. त्यामुळे त्या पत्रानं काम होतं की नाही हे मुलांना कळत नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही कळत नाही. मलाही ते 2024 च्या दिवाळीनंतर कळलं. त्याचीच ही गोष्ट आणि त्यातून तयार झालेला हा पाठ.

मी मानवत तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर आहे. माझ्याकडे चौथीपर्यंत शिकलेला एक मुलगा तेव्हा दहावीला होता. त्या वर्षी सोयाबीनचे पैसे हातात आले तेव्हा त्याच्या वडिलांनी पाडव्याच्या दिवशी, म्हणजे 2 नोव्हेंबरला, परभणीच्या एका दुकानातून त्याला टीव्हीला जोडून खेळायचा गेम कन्सोल घेऊन दिला. चौतीस हजार पाचशे रुपये. शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम काय असते ते मी सांगायची गरज नाही. आईचा विरोध होता, पण दहावीच्या सहामाहीत पोरानं गुण चांगले मिळवले होते आणि बापानं शब्द दिला होता.

24 नोव्हेंबरच्या रविवारी तो बंद पडला. आधी तीन-चार दिवस वीस मिनिटं चालून आपोआप बंद होत होता, मग चालूच होईना. दुसऱ्या दिवशी मुलानं स्वतः पत्र लिहिलं, बाप-लेक परभणीला गेले, दुकानदारानं पत्र वाचलं, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि म्हणाला, "आमच्या हातात काही नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा." सर्व्हिस सेंटर कुठं, तर दुसऱ्या जिल्ह्यात. संध्याकाळी वडील माझ्याकडे आले. "काय करावं सर, पोरगं जेवेना झालंय. आन् तिची आई मलाच बोलायलीय."

निवडणुकीच्या ड्युटीतून मी नुकताच मोकळा झालो होतो, डोळ्यावर झोप होती. तरी म्हटलं, आधी पत्र काय लिहिलंस ते दाखव. कच्ची प्रत वहीत होती. मुलाच्या आणि वडिलांच्या परवानगीनं ती इथं देतो :

*महोदय,*
*मी आपल्या दुकानातून दिवाळीत एक गेम कन्सोल खरेदी केला होता. तो अत्यंत निकृष्ट दर्जाचा निघाला आहे. लाईट गेल्यामुळे तो बंद पडला आहे. त्यामुळे मला खूप मनस्ताप होत आहे. माझे दहावीचे वर्ष असल्याने अभ्यासावरही परिणाम होत आहे. तरी आपण या प्रकरणी त्वरित लक्ष घालून योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती.*

परीक्षेत या पत्राला मी स्वतः पाचपैकी चार गुण दिले असते. शुद्धलेखन बरोबर, भाषा नम्र, शेवट नमुन्याप्रमाणे. आणि हेच पत्र दुकानदाराच्या काउंटरवर अगदी निकामी ठरलं. का ठरलं हे मी आणि तो मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात बसून एकेक वाक्य धरून पाहत गेलो.

दिसलं ते आणि वाटलं ते

पहिली अडचण "लाईट गेल्यामुळे" या दोन शब्दांत होती. मी विचारलं, तू खेळत असताना लाईट गेली होती का? म्हणाला, "नाही सर, लाईट त्याच्या आठ दिवस आधी गेली होती." मग त्यानंतर कन्सोल चालला का? "चालला ना, रोज चालला." मग हे कशाला लिहिलं? तर चुलते म्हणाले होते, की व्होल्टेजनंच गेला असेल.

आता वॉरंटी कार्डावर काय असतं ते पाहा. बहुतेक सगळ्या विद्युत वस्तूंच्या कार्डावर काही अपवाद बारीक अक्षरात छापलेले असतात : वस्तू पडली, पाणी गेलं, कंपनीबाहेरच्या माणसानं उघडली किंवा विजेच्या दाबातल्या चढउतारामुळे बिघडली, तर वॉरंटी लागू नाही. मुलानं आपल्या हातानं, पुरावा नसलेलं, स्वतः न पाहिलेलं कारण लिहून दुकानदाराला पळवाट काढून दिली होती. पत्रात फक्त दिसलं ते लिहायचं. कधीपासून, काय होतं, किती वेळानं होतं, कोणता दिवा कसा लागतो. कारण शोधणं हे तंत्रज्ञाचं काम आहे. अर्थात खरोखरच विजेचा झटका बसला असेल तर ते लपवायचंही नाही. उघडून पाहणाऱ्याला जळालेला भाग दिसतोच आणि मग आपल्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

"दिसलं ते" लिहायचं तर आधी नीट पाहावं लागतं. म्हणून त्या संध्याकाळी आम्ही कन्सोल माझ्या घरी आणला. त्याच्या घरचं एक्स्टेंशन बोर्ड सोडून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावला. माझ्या टीव्हीला जोडला, दुसरी एचडीएमआय केबल लावली. म्हणजे बिघाड टीव्हीत, केबलमध्ये किंवा बोर्डात नाही हे नक्की झालं. हवा जायच्या जाळ्या पाहिल्या, स्वच्छ होत्या. बटण दाबल्यावर दिवा दोन-तीन सेकंद लागायचा, एक बीप यायचा आणि दिवा विझायचा. पंखा फिरायचाच नाही. हे सगळं मुलानं मोबाईलवर एका सलग व्हिडिओत घेतलं. त्यात सुरुवातीला कन्सोलच्या मागचा सिरियल नंबर दिसेल असं केलं, म्हणजे हा व्हिडिओ याच मशीनचा आहे याबद्दल कुणी वाद घालू शकणार नाही.

एक गोष्ट नशिबानं टळली होती. मानवतला मोबाईल दुरुस्त करणारा त्यांचा एक पाहुणा आहे. तो म्हणाला होता, "आण, खोलून बघू, पंख्याचाच प्रॉब्लेम असंल." त्यानं खरंच खोलला असता तर स्क्रूवरचं सील तुटलं असतं आणि सगळी वॉरंटी तिथंच संपली असती. पाहुण्याचा अंदाज पुढं बरोबर निघाला, पण ते नंतर.

वॉरंटी म्हणजे बदलून देणं नव्हे

आपल्याकडे गॅरंटी आणि वॉरंटी हे दोन्ही शब्द एकाच अर्थानं बोलले जातात. "वर्षाची गॅरंटी हाय" असं दुकानदारही म्हणतो. कार्डावर मात्र "वॉरंटी" असतं आणि तिचा मजकूर साधारण असा असतो, की एक वर्षात निर्मितीचा दोष आढळल्यास कंपनी ती वस्तू दुरुस्त करून देईल किंवा बदलून देईल, आणि यातलं काय करायचं ते कंपनी ठरवील. म्हणजे नुसत्या वॉरंटीच्या जोरावर "नवीनच द्या" असं म्हटलं, तर समोरचा सहज म्हणू शकतो, दुरुस्त करून देतो, थांबा महिनाभर. शिवाय हे आश्वासन कंपनीचं असतं, म्हणून दुकानदार हात वर करतो.

मग दुकानदाराला पत्र लिहायचंच कशाला? इथं ग्राहक संरक्षण कायदा कामी येतो. 2019 चा हा कायदा जुलै 2020 पासून लागू झाला. त्यात "अनुचित व्यापारी प्रथा" कोणत्या ते कलम 2 च्या उपकलम 47 मध्ये दिलं आहे. त्यातली एक अशी आहे : सदोष माल विकल्यावर तो परत घ्यायला आणि पैसे परत करायला नकार देणं. हे कधीपर्यंत? बिलावर जी मुदत लिहिली असेल तोपर्यंत, आणि बिलावर मुदतच नसेल तर तीस दिवसांपर्यंत.

मी बिल मागवून पाहिलं. खाली "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलेलं होतं, पण कसलीही मुदत नव्हती. हे वाक्य पाहून आपण सगळेच गप्प बसतो. आवडली नाही म्हणून साडी परत करायची असेल तर त्या वाक्याला काही अर्थ असेलही. पण वस्तूच सदोष निघाली तर गोष्ट वेगळी, तिथं वरचं कलम आहे. (तुमच्या बिलावर "सात दिवसांत बदलून मिळेल" असं असेल तर मात्र सात दिवस धरून चाला. घरी आल्यावर बिलाची मागची बाजूही वाचत जा, अटी तिकडंच असतात.)

2 नोव्हेंबरपासून तीस दिवस म्हणजे 2 डिसेंबर. मुलानं पहिलं पत्र 25 तारखेला दिलं होतं, मुदतीतच. पण त्या पत्रावर तारीख नव्हती! आणि ते दिल्याची पोचही नव्हती. दुकानदार उद्या "माझ्याकडे कुणी आलंच नाही" म्हणाला असता तर आमच्याकडे काय होतं? वहीतली कच्ची प्रत. आम्ही बोलत होतो तो दिवस 26 नोव्हेंबर. हातात सहा दिवस होते.

तारीख लिहायला आपण मुलांना शिकवतो ती नमुन्यातली एक ओळ म्हणून. ती चुकली तर अर्धा गुण जातो, एवढंच मुलांना माहीत असतं. इथं ती एक ओळ चौतीस हजारांची होती.

पत्र कुणाच्या नावानं, मागणी कोणती

पहिल्या पत्राखाली मुलाची सही होती, बिल वडिलांच्या नावावर. वस्तू घेणाऱ्याच्या संमतीनं ती वापरणाराही कायद्यानं ग्राहकच ठरतो, त्यामुळे हे काही घातक नव्हतं. पण दुकानदार बिलाशी नाव जुळवून पाहतो आणि नाव जुळलं नाही की त्याला बोलायला जागा मिळते. मुलगा अज्ञानही आहे. म्हणून दुसरं पत्र वडिलांच्या नावानं आणि त्यांच्याच सहीनं लिहायचं ठरलं. लिहिलं मात्र मुलानंच.

आणि "योग्य ती कार्यवाही". हे वाक्य मी स्वतः फळ्यावर शेकडो वेळा लिहून दिलंय. योग्य काय ते कोण ठरवणार? दुकानदाराच्या मते ड्रॉवरमध्ये ठेवणं हीच योग्य कार्यवाही होती. पत्रात मागणी एकच असावी, मोजता येईल अशी असावी आणि तिला दिवस ठरवून दिलेले असावेत. आम्ही लिहिलं : त्याच मॉडेलचा नवीन कन्सोल सात दिवसांत बदलून द्यावा, ते शक्य नसल्यास पूर्ण रक्कम परत करावी. दुसरा भाग मुद्दाम घातला, कारण तीस दिवसांच्या त्या तरतुदीत पैसे परत करण्याचीच भाषा आहे. आम्हाला कन्सोल हवा होता, पण कायदा जिथं आपल्या बाजूनं बोलतो ते पत्रात असायला हवं.

"निकृष्ट दर्जाचा", "मनस्ताप", "अभ्यासावर परिणाम" हे सगळं काढून टाकलं. मुलगा जरा नाराज झाला. "सर, पण खरंच मनस्ताप झालाय की." मी म्हटलं, झालाय, पण तो दुकानदाराला तपासून पाहता येत नाही. अभ्यासाचं वाक्य वाचून तर तो म्हणाला असता, मग बरंच झालं, दहावीच्या पोराला कन्सोल पाहिजे कशाला.

दुसरं पत्र असं झालं. दुकानाचं नाव आणि मशीनचे क्रमांक मी इथं वगळले आहेत.

---

दिनांक : 28 नोव्हेंबर 2024

प्रति,
मा. व्यवस्थापक,
(दुकानाचे नाव व पत्ता),
परभणी.

विषय : खरेदीपासून तीस दिवसांच्या आत बंद पडलेला गेम कन्सोल बदलून मिळणेबाबत.

संदर्भ : आपले बिल क्र. (...), दिनांक 2 नोव्हेंबर 2024, रक्कम रु. 34,500.

महोदय,

मी वरील बिलाने आपल्या दुकानातून एक गेम कन्सोल खरेदी केला. त्याचे मॉडेल (...) असून सिरियल नंबर (...) आहे. हा नंबर बिलावर, खोक्यावर आणि यंत्रावर एकच आहे. कन्सोलला खरेदीपासून एक वर्षाची वॉरंटी आहे.

दि. 20 नोव्हेंबरपासून कन्सोल सुमारे वीस मिनिटे चालून आपोआप बंद होऊ लागला. दि. 24 नोव्हेंबरपासून तो चालू होत नाही. बटण दाबल्यावर दिवा दोन-तीन सेकंद लागतो, एक बीप येतो आणि दिवा विझतो. पंखा फिरत नाही. दुसरा टीव्ही, दुसरी केबल आणि दुसरे सॉकेट वापरून पाहिले, तरी फरक पडला नाही. कन्सोल पडलेला नाही, त्यात पाणी गेलेले नाही व तो कोणीही उघडलेला नाही. सील जसेच्या तसे आहे. याचा व्हिडिओ माझ्याकडे आहे व आपण सांगाल तेव्हा दाखवता येईल.

दि. 25 नोव्हेंबर रोजी मी व माझा मुलगा कन्सोल घेऊन आपल्या दुकानात आलो होतो व लेखी पत्र दिले होते. त्या वेळी आम्हाला सर्व्हिस सेंटरला जाण्यास सांगण्यात आले.

वस्तू खरेदीपासून तीस दिवसांच्या आत सदोष आढळली असून मी ती मुदतीत परत देत आहे. आपल्या बिलावर वेगळी मुदत दिलेली नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) नुसार अशी वस्तू परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

तरी हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत याच मॉडेलचा नवीन कन्सोल बदलून द्यावा. ते शक्य नसल्यास रु. 34,500 परत करावेत. नवीन कन्सोल दिल्यास त्याचा सिरियल नंबर बिलावर लिहून सही-शिक्का द्यावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
अ. ब. क.
(गाव, ता. मानवत, जि. परभणी, मोबाईल क्रमांक)

सोबत : 1) बिलाची छायाप्रत 2) वॉरंटी कार्डाची छायाप्रत
प्रत माहितीस्तव : कंपनीचा ग्राहक सेवा विभाग (ई-मेलने)

---

दहावीला आता जो ई-मेलसारखा आराखडा आहे, सगळं डाव्या समासापासून, तोच इथं ठेवला आहे. "संदर्भ" ही ओळ शाळेच्या नमुन्यात सहसा नसते. पण कार्यालयात काम केलेल्या माणसाला विचारा, तो विषयाआधी संदर्भच वाचतो. बिल क्रमांक वर असला की दुकानदाराला आपलं रजिस्टर काढून पाहावंच लागतं.

शेवटच्या विनंतीबद्दल थोडं सांगतो. बदलून मिळालेल्या मशीनचा सिरियल नंबर जुन्या बिलाशी जुळत नाही. सहा महिन्यांनी तेही बिघडलं, तर सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, हे मशीन या बिलाचं नाहीच. म्हणून नवा नंबर बिलावर चढवून घ्यायचा. आणि बदललेल्या वस्तूला नव्यानं पूर्ण वर्षाची वॉरंटी मिळेल असं गृहीत धरू नका. बहुतेक ठिकाणी पहिल्या खरेदीच्या तारखेपासूनचीच उरलेली मुदत चालते.

पोच

पत्र दोन प्रतींत नेलं. एक दुकानदारासाठी, दुसरीवर त्याची सही, तारीख आणि शिक्का घेण्यासाठी. मी बरोबर गेलो नाही. शिक्षक आला की गोष्ट वेगळ्याच वळणावर जाते आणि मुलाला वाटतं, सरांमुळे झालं. वडिलांना एवढंच सांगितलं की भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही आणि मूळ बिल हातातून सोडायचं नाही, छायाप्रतच द्यायची. कन्सोल ठेवून घेत असतील तर सिरियल नंबर घातलेली पावती घ्यायची.

सही देत नसतील तर? तर वाद न घालता बाहेर यायचं आणि तेच पत्र त्याच दिवशी पोस्टातून स्पीड पोस्टानं पाठवायचं. पावती जपून ठेवायची, आणि पत्र पोचल्याची नोंद पावतीवरच्या क्रमांकावरून पाहता येते, तिचा फोटो घ्यायचा. पोस्टासाठी पाकीट आम्ही तयारच ठेवलं होतं.

त्याची गरज पडली नाही. दुकानदारानं पत्र वाचलं, मग परत वाचलं. "हे कुणी लिहून दिलं?" वडील म्हणाले, "पोरानं." खरंच होतं ते. त्यानं कंपनीच्या माणसाला फोन लावला, मग सही-शिक्का दिला आणि कन्सोल ठेवून घेतला. 3 डिसेंबरला कंपनीच्या माणसानं तपासला. पंखाच बंद पडलेला होता आणि तापून आतला बोर्ड गेला होता. 7 डिसेंबरला नवीन मिळाला.

सगळं गोड झालं असं नाही. मुलानं तीन आठवड्यांत खेळात जे काही जमवलं होतं ते जुन्या मशीनमध्ये होतं, ते गेलं. मशीन चालू होत असतानाच ते खात्यावर किंवा पेनड्राइव्हवर साठवून ठेवायला हवं होतं, आपोआप बंद व्हायला लागलं त्याच दिवशी. आणि नवीन खोक्यातला हातात धरायचा कंट्रोलर त्यांनी काढून घेतला, जुनाच वापरा म्हणाले. आमच्या पत्रात "कन्सोल" एवढंच होतं, "सर्व साहित्यासह" असं नव्हतं. ही चूक माझी. तुम्ही लिहाल तेव्हा ते दोन शब्द घाला.

दुकानदारानं नकार दिला असता तर पुढचा रस्ताही आम्ही काढून ठेवला होता. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक. तिथं तक्रार नोंदवली की ती कंपनीकडे पाठवली जाते आणि बऱ्याचदा तिथंच मिटतं. त्यानंही झालं नाही तर परभणीचा जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. जुन्या कायद्यात साधारणपणे दुकानदार जिथं असेल तिथं जावं लागायचं. आता आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूसाठी हे फार उपयोगाचं आहे, कारण विकणारा कुठं दिल्लीला किंवा बंगळुरूला असतो.

तीस दिवस उलटून गेले असते तरी सगळं संपलं असतं असं नाही. वॉरंटी वर्षभर असतेच. पण मग पत्राची मागणी बदलावी लागली असती. आधी विनाशुल्क दुरुस्ती मागायची, दर वेळी कामाची चिठ्ठी घ्यायची आणि तोच बिघाड पुन्हा पुन्हा आला तर त्या चिठ्ठ्यांच्या जोरावर बदलून मागायचं. रस्ता लांब, पण आहे.

वर्गात घेताना

हा पाठ मी पुढं पाचवीच्या वर्गात घेतला. कन्सोल न घेता मुलांच्या घरातल्या वस्तू घेतल्या : टॉर्च, मिक्सर, घड्याळ, दप्तराची चेन. फळ्यावर मायना लिहून दिला नाही. आधी प्रत्येकाला बिघडलेल्या वस्तूबद्दल "दिसलेली" तीन वाक्यं लिहायला लावली. "टॉर्च खराब आहे" लिहिलं की मी विचारायचो, म्हणजे काय दिसतं? मग "बटण दाबलं की लागतो, हलवलं की विझतो" असं यायचं. या तीन वाक्यांना दोन तासिका गेल्या आणि मायना, विषय, शेवट हे सगळं अर्ध्या तासात झालं.

नंतर पत्रांची अदलाबदल केली. प्रत्येक मुलगा दुकानदार झाला आणि हातात आलेल्या पत्रातून पळवाट शोधू लागला. "तारीख कुठंय?" "कधी घेतलं ते लिहिलंच नाही." "काय पाहिजे ते सांगितलंच नाही." मुलं या कामात फार तरबेज असतात, लाल पेनपेक्षा कडक तपासतात.

शेवटी एका मुलीनं विचारलं, "सर, आमच्या मिक्सरचं बिलच नाही. बिन बिलाचा स्वस्त देतो म्हणला दुकानदार." वर्गात निम्मे हात वर झाले, सगळ्यांच्या घरी तसंच. तिला सांगितलं, की मागितल्यावर बिल न देणं हीदेखील त्याच कलमात अनुचित प्रथाच आहे. पण तुमच्या हातात काहीतरी हवं. पैसे मोबाईलवरून दिले असतील तर त्या दिवसाचा मेसेज, खोक्यावरचा सिरियल नंबर, कार्डावर दुकानाचा शिक्का असेल तर तो. दुसऱ्या दिवशी ती वडिलांच्या मोबाईलवरचा मेसेज वहीत उतरवून घेऊन आली, तारीख, वेळ आणि दुकानाच्या नावासकट, आणि पत्राचा संदर्भ तिनं त्यावरूनच लिहिला.